महिन्याचा गल्ला तीन बाजूंनी: दुकानदारासाठी पिव्होट टेबल

दिवाळीचा महिना संपला की बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून एक्सेलची फाइल उतरवता येते, आणि बहुतेक दुकानांत ती उतरवली जाते ती फक्त सीएला पाठवायला. फाइलीत आठशे-हजार ओळी असतात. प्रत्येक ओळ खरी असते, पण सगळ्या मिळून काही सांगत नाहीत. एकूण विक्री किती झाली ते शेवटच्या ओळीत दिसतं. मुंबईच्या गिऱ्हाइकांनी नेमकं काय नेलं, उधारी कुठल्या गावात अडकली, हे मात्र मालक आठवणीवर सांगतो. 2027च्या सिंहस्थाची चर्चा सुरू झाल्यापासून नाशिकच्या बाजारात बाहेरगावच्या गिऱ्हाइकाबद्दल बरेच अंदाज बांधले जातात. ते अंदाज स्वतःच्या फाइलीवर ताडून बघायचं साधन त्याच एक्सेलमध्ये आहे. त्याला पिव्होट टेबल म्हणतात.

## पिव्होट टेबल करतं काय?

महिन्याची सगळी बिलं गादीवर पसरली आहेत असं समजा. तुम्ही ती गावाप्रमाणे लावता: नाशिकचा गठ्ठा, सिन्नरचा, मालेगावचा. प्रत्येक गठ्ठ्याची बेरीज करून वर चिठ्ठी ठेवता. मग मुलगा विचारतो, यात यूपीआय किती? सगळे गठ्ठे मोडायचे, पुन्हा लावायचे, पुन्हा बेरजा. पिव्होट टेबल हे गठ्ठे लावायचं आणि बेरजेचं काम करतं. बिलांना हात न लावता ते करतं, आणि नवा प्रश्न आला की गठ्ठे क्षणात मोडून पुन्हा लावतं.

म्हणजे हे नवं खातं नाही आणि तुमच्या नोंदींत ते काही बदलतही नाही. मूळ यादी जागेवरच राहते. पिव्होट तिचा सारांश वेगळ्या जागी मांडून दाखवतं.

## आधी यादी नीट हवी

पिव्होट करायला दोन मिनिटं लागतात. वेळ जातो तो यादी सरळ करण्यात, आणि काम फसतं तेही तिथंच. नियम एकच आहे: एका ओळीत एक विकलेली वस्तू, आणि त्या वस्तूबद्दलची सगळी माहिती त्याच ओळीत.

मेन रोडवरचं एक दुकान उदाहरणाला घेऊ. चिवडा, बेदाणे, मसाले आणि पापड विकणारं. दुकान आणि आकडे दोन्ही कल्पनेतले आहेत. त्याच्या ऑक्टोबरच्या यादीतल्या तीन ओळी अशा:

| दिनांक | बिल क्र. | वस्तू | रक्कम | गाव | भरणा |
|---|---|---|---|---|---|
| 03-10-2025 | 412 | चिवडा | 640 | सिन्नर | यूपीआय |
| 03-10-2025 | 412 | मसाले | 180 | सिन्नर | यूपीआय |
| 03-10-2025 | 413 | बेदाणे | 2000 | मालेगाव | उधारी |

412 नंबरच्या बिलात दोन वस्तू आहेत, म्हणून त्याच्या दोन ओळी झाल्या, आणि गाव व भरणा दोन्ही ओळींत पुन्हा लिहिलं. वहीत आपण असं करत नाही. वर एकदा ‘सिन्नर’ लिहिलं की खाली कोरं सोडतो किंवा दोन ठिपके देतो. माणसाला ते कळतं. पिव्होट मात्र कोऱ्या कप्प्याला गाव नाही असं समजतं, आणि सारांशात `(blank)` नावाचं एक भुताचं गाव उगवतं. त्याच्या नावावर बऱ्यापैकी रक्कम दिसली तर समजायचं की खालचे कप्पे कोरे राहिलेत.

यावर तोडगा आहे. गावाच्या रकान्यातला यादीपुरता भाग निवडा, `F5` दाबा, `Special` मध्ये जाऊन `Blanks` निवडा. सगळे कोरे कप्पे एकदम निवडले जातील. आता काहीही क्लिक न करता `=` टाइप करा, वर जाणारा बाण दाबा आणि `Ctrl+Enter` करा. प्रत्येक कोरा कप्पा वरच्याचं गाव उचलतो. मग तोच रकाना कॉपी करून त्याच जागी `Paste Values` करा. नाहीतर उद्या यादी उलटसुलट लावली की गावं सरकतील. हे करण्याआधी मात्र कोरे कप्पे खरोखर वरच्याच बिलाचे आहेत ना, ते डोळ्यांखालून घाला.

दुसरी पंचाईत गावांच्या नावांची. ‘मालेगाव’ आणि ‘मालेगांव’ तुमच्या-माझ्यासाठी एकच. एक्सेलसाठी त्या अनुस्वाराने दोन गावं झाली. ‘नाशिक’, ‘नासिक’ आणि शेवटी एक न दिसणारी स्पेस पडलेलं ‘नाशिक’ ही तीन वेगळी गावं. काउंटरवर दोन माणसं बिलं करत असतील तर हे होणारच. पिव्होट मांडल्यावर गावांची यादी एकदा वाचली की हे लगेच दिसतं, आणि `Ctrl+H` ने मूळ यादीत दुरुस्त करता येतं. पुढच्या महिन्यापासून मात्र `Data Validation` मधून ठरलेल्या गावांची यादीच लावून द्यावी, म्हणजे गाव टाइप न करता निवडायचं. पंचवटी, सिडको, नाशिकरोड वेगळं लिहायचं की सगळं नाशिक धरायचं, हेही तेव्हाच ठरवा. दोन्ही चालतं. महिन्याच्या मध्यात बदललं तर मात्र पंचाईत.

तिसरी गोष्ट रकमेची. रकमेच्या रकान्यात नुसता आकडा हवा. ‘640 रु.’ किंवा ‘640/-’ लिहिलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि बेरजेतून गळतो. ओळखायची खूण सोपी आहे: रकान्याची मांडणी कोणी मुद्दाम बदलली नसेल तर आकडे कप्प्यात उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे.

## आता टेबल मांडू

यादीत कुठेही क्लिक करून `Ctrl+T` दाबा. यादीचं रूपांतर एक्सेलच्या टेबलमध्ये होतं. याचा फायदा असा, की पुढे खाली नव्या ओळी भरल्या तरी पिव्होटवर राइट क्लिक करून `Refresh` केलं की त्या हिशेबात येतात. मग `Insert` मध्ये `PivotTable` निवडा आणि नवं पान मागा. उजवीकडे तुमच्या रकान्यांची नावं दिसतील आणि खाली चार चौकटी: `Filters`, `Columns`, `Rows`, `Values`.

‘वस्तू’ ओढून `Rows` मध्ये टाका, ‘गाव’ `Columns` मध्ये, ‘रक्कम’ `Values` मध्ये. झालं. आपल्या दुकानाचा ऑक्टोबर असा दिसतो:

| | नाशिक | सिन्नर | मालेगाव | मुंबई | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| चिवडा | 92,000 | 14,000 | 8,000 | 46,000 | 1,60,000 |
| बेदाणे | 30,000 | 6,000 | 22,000 | 52,000 | 1,10,000 |
| मसाले | 48,000 | 9,000 | 6,000 | 3,000 | 66,000 |
| पापड | 15,000 | 5,000 | 1,500 | 2,500 | 24,000 |
| एकूण | 1,85,000 | 34,000 | 37,500 | 1,03,500 | 3,60,000 |

लाखांऐवजी तुमच्याकडे 160, 110 असे किरकोळ आकडे आले तर घाबरू नका. एक्सेलने बेरजेऐवजी ओळी मोजल्यात. रकमेच्या रकान्यात एखादा मजकूर सापडला की ते असं करतं. डोक्यावर `Count of रक्कम` लिहिलेलं दिसेल. त्यावर राइट क्लिक करून `Summarize Values By` मध्ये `Sum` निवडा. पण त्याआधी मूळ यादीत तो मजकूर झालेला आकडा शोधा, नाहीतर बेरीज होईल आणि ती कमी येईल. कमी आलेला आकडा बघून कोणालाच शंका येत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा.

खात्री करायचा माझा मार्ग असा: कोपऱ्यातला 3,60,000 हा आकडा बिलिंग सॉफ्टवेअरच्या महिन्याच्या एकूण विक्रीशी जुळला पाहिजे. दोन्हीकडे जीएसटीसकट किंवा दोन्हीकडे जीएसटी वगळून, आणि परत आलेला माल वजा आकड्याने नोंदवलेला. तो आकडा जुळेपर्यंत बाकीच्या चौकटी वाचूच नयेत.

आता वाचू. नाशिकमध्ये चिवड्याला तोड नाही, पण मुंबईच्या ऑर्डरींत बेदाणे पुढे आहेत. एकूण यादीत चिवडा पहिला दिसतो, म्हणून मुंबईलाही चिवडाच जास्त जातो असं मालक सांगत आला असेल, तर इथं तो फसला. आता पापड बघा. 24,000 म्हणजे एकूण विक्रीच्या सातेक टक्के, बंद करावेत असं वाटण्याजोगे. सिन्नरच्या विक्रीत मात्र पापड पंधरा टक्क्यांच्या जवळ आहेत. सिन्नरचं गिऱ्हाईक पापडासाठी येऊन बाकीचं नेत असेल, किंवा नसेलही. पण पापड बंद करण्यापूर्वी सिन्नरची बिलं चाळायला हवीत एवढं तरी आता कळलं.

## पैसे कुठून कसे आले

‘वस्तू’ला `Rows` मधून बाहेर काढा. ‘गाव’ `Rows` मध्ये आणा आणि ‘भरणा’ `Columns` मध्ये टाका. तीच यादी, पण गठ्ठे दुसरे:

| | रोख | यूपीआय | उधारी | एकूण |
|---|---|---|---|---|
| नाशिक | 60,000 | 1,15,000 | 10,000 | 1,85,000 |
| सिन्नर | 14,000 | 18,000 | 2,000 | 34,000 |
| मालेगाव | 4,500 | 6,000 | 27,000 | 37,500 |
| मुंबई | 1,500 | 1,02,000 | 0 | 1,03,500 |
| एकूण | 80,000 | 2,41,000 | 39,000 | 3,60,000 |

एकूण पुन्हा 3,60,000च आहे, तो बघून घ्या. गठ्ठे बदलले तरी पैसा तेवढाच.

रुपयांत बघितलं तर नाशिकची दहा हजारांची उधारी आणि मालेगावची सत्तावीस हजारांची, असा फरक दिसतो. टक्क्यांत तो जास्त बोलका होतो. कुठल्याही आकड्यावर राइट क्लिक करून `Show Values As` मध्ये `% of Row Total` निवडा, म्हणजे प्रत्येक गावाच्या विक्रीचे टक्के दिसतील. नाशिकमध्ये उधारी साडेपाच टक्क्यांच्या आत, सिन्नरमध्ये सहाच्या आसपास, आणि मालेगावात 72 टक्के.

इथं बहुतेक जण थांबतात आणि ठरवतात: मालेगावला उधार बंद.

थोडं थांबा. आकडे पुन्हा रुपयांत आणा आणि त्या 27,000 वर डबल क्लिक करा. एक्सेल एक नवं पान उघडून ज्या ओळींची ती बेरीज आहे त्या सगळ्या समोर ठेवतं. मला विचाराल तर पिव्होटमधली सगळ्यात कामाची सोय हीच, आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. आपल्या दुकानाच्या बाबतीत 11 ओळी निघाल्या. त्यातल्या 3 ओळी एकाच व्यापाऱ्याच्या, बेदाण्याच्या, मिळून 19,000 रुपयांच्या. तो ठोकमध्ये नेतो आणि पुढच्या महिन्यात चुकते करतो, हे मालकाला माहीत आहेच.

तो व्यापारी बाजूला काढला तर मालेगावची विक्री 18,500 उरते आणि उधारी 8,000. म्हणजे 43 टक्के. 72 नव्हे, पण सिन्नरच्या सातपट तरीही. तेव्हा प्रश्न संपला नाही, तो नेमका झाला: एका मोठ्या खात्याची वेगळी सोय, आणि बाकीच्या आठ ओळींतल्या गिऱ्हाइकांकडे तगादा. नुसत्या टक्क्यावर गेलो असतो तर चांगलं गिऱ्हाईक तुटलं असतं.

## उधारी वसूल झाली की काय करायचं?

इथं एक मोह होतो. मालेगावच्या गिऱ्हाइकाने नोव्हेंबरमध्ये यूपीआयने पैसे दिले, म्हणून ऑक्टोबरच्या ओळीत ‘उधारी’ खोडून ‘यूपीआय’ करायचं. तसं केलं की ऑक्टोबरचा सारांश मागाहून बदलतो आणि आधी छापून ठेवलेल्या कागदाशी जुळत नाही. शिवाय तो पैसा ऑक्टोबरच्या बँक स्टेटमेंटमध्ये सापडणार नाही. विक्रीची ओळ विक्रीच्या दिवशी होती तशीच राहू द्या. वसुलीचं वेगळं पान ठेवा: दिनांक, बिल नंबर, भरणा, रक्कम. वरच्या टेबलमधली 39,000 ही महिन्यात दिलेली उधारी आहे. आज येणं किती, ते वसुलीचं पान वजा केल्यावरच कळेल.

अर्धे रोख आणि अर्धे यूपीआय देणाऱ्या गिऱ्हाइकाचंही तेच. 820 रुपयांच्या बिलात चिवडा आणि मसाले आहेत आणि भरणा 500 रोख, 320 यूपीआय. यातल्या चिवड्याचे पैसे रोख आले की यूपीआयने? या प्रश्नाला उत्तरच नाही, त्यामुळे एकाच यादीतून वस्तू आणि भरणा दोन्ही अचूक काढता येत नाहीत. असं क्वचित होत असेल तर भरणा ‘मिश्र’ लिहून मोकळं व्हा. रोज होत असेल तर भरण्याची यादी वेगळी ठेवून तिचं पिव्होट वेगळं करा.

## ‘बिलं किती झाली?’ हे मात्र जपून

‘बिल क्र.’ `Values` मध्ये टाकून `Count` केलं की आकडा येतो, पण तो बिलांचा नसतो, ओळींचा असतो. 412 नंबरचं बिल दोनदा मोजलं जातं. त्या आकड्याने विक्रीला भागलं तर सरासरी बिल कमी दिसतं. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये पिव्होट घालतानाच `Add this data to the Data Model` वर खूण केली, तर मोजण्याच्या प्रकारांत शेवटी `Distinct Count` मिळतं आणि प्रत्येक बिल एकदाच मोजलं जातं. गूगल शीट्समध्ये यासाठी `COUNTUNIQUE` आहे.

## ‘हे सगळं टॅलीत मिळतंच की’

वस्तूप्रमाणे विक्री आणि खात्याप्रमाणे येणं हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळतं, आणि कर भरण्यासाठी तेच वापरावं. अडतं ते ‘मुंबईला यूपीआयने गेलेले बेदाणे’ अशा तिहेरी प्रश्नापाशी. तयार अहवालात तो नेमका सापडेलच असं नाही. पिव्होटमध्ये तिसरा रकाना `Filters` मध्ये टाकला की तो सुटतो.

‘सूत्राने होत नाही का?’ होतं. ठरलेला एकच आकडा दर महिन्याला हवा असेल तर सूत्रच बरं. रक्कम D मध्ये, गाव E मध्ये आणि भरणा F मध्ये असेल तर मालेगावची उधारी अशी निघते:

```
=SUMIFS(D:D, E:E, "मालेगाव", F:F, "उधारी")
```

पण सूत्र लिहायला प्रश्न आधी ठाऊक हवा. पापडाचा सिन्नरशी संबंध आहे हे माहीतच नसेल तर त्याचं सूत्र कोण लिहील?

‘गिऱ्हाईक गाव सांगतच नाही’ ही तक्रार मात्र रास्त आहे. काउंटरवर उभ्या माणसाला गाव विचारलं तर तो वैतागतो. अशा वेळी अंदाजाने ‘नाशिक’ लिहू नका, ‘नोंद नाही’ लिहा. त्र्यंबकेश्वरहून परतताना थांबलेला पुण्याचा माणूस नाशिकच्या गठ्ठ्यात गेला तर बाहेरगावच्या गिऱ्हाइकाचा हिशेब करण्यात अर्थच राहत नाही. ‘नोंद नाही’चा गठ्ठा फार मोठा झाला तर गावाचे निष्कर्ष काढू नयेत, एवढं तरी तो सांगतो.

आणि ही सगळी विक्री आहे, नफा नाही. मुंबईच्या 1,03,500 मधून कुरिअर आणि पॅकिंगचा खर्च गेलेला नाही. तो रकाना यादीत नसेल तर पिव्होट तो दाखवू शकत नाही.

## फाइल पाठवण्याआधी

दोन सवयी सांभाळा. मूळ यादीत ओळ दुरुस्त केली तरी एक्सेलचं पिव्होट जुनाच आकडा धरून बसतं, कारण ते यादीची स्वतःची प्रत जवळ ठेवतं. राइट क्लिक करून `Refresh` केल्यावरच नवा आकडा येतो. गूगल शीट्समध्ये हे आपोआप होतं.

त्या प्रतीमुळे दुसरीही गोष्ट घडते. तुम्ही यादीचं पान डिलीट करून फक्त सारांशाचं पान कोणाला पाठवलंत, तरी समोरच्याने आकड्यावर डबल क्लिक केलं की ओळी बाहेर येऊ शकतात. यादीत गिऱ्हाइकांची नावं आणि मोबाइल नंबर असतील तर तेही. पुरवठादाराला किंवा भागीदाराला नुसते आकडे द्यायचे असतील तर टेबल कॉपी करा, नव्या फाइलीत `Paste Values` करा आणि ती फाइल पाठवा. त्यात कितीही डबल क्लिक केलं तरी आकड्याशिवाय काही निघत नाही.